निरोपाच्या ओळी: सरांचे आभार किती आणि कसे मानावेत?

«सविनय नमस्कार. सहा वर्षांनंतर येत्या शुक्रवारी मी नोकरी सोडते आहे. मी एका कंपनीच्या बिलिंग विभागात काम करते. विभागाबरोबर काढलेल्या फोटोखाली, लिंक्डइनवर आणि इन्स्टाग्रामवर, आभाराच्या काही ओळी लिहायच्या आहेत. पहिली दोन वर्षे सरांशी माझे अजिबात जमत नव्हते. ते माझी शीट तपासून परत द्यायचे, शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची खूण असायची, पण चूक कुठे आहे ते सांगायचे नाहीत. पुढे त्यांच्यामुळेच मी काम शिकले. आईच्या आजारपणात तर नियमात बसत नसतानाही त्यांनी मला महिनाभर घरून काम करू दिले. हे सगळे लिहावेसे वाटते, पण ती खुशामत वाटू नये. शिवाय विभागात बावीस जण आहेत. नावे कुणाची घ्यायची? माझा मसुदा असा आहे: 'सहा वर्षांचा अविस्मरणीय प्रवास आज संपला. ही केवळ कंपनी नव्हती, कुटुंब होते. माझे गुरू, मार्गदर्शक आणि प्रेरणास्थान असलेल्या सरांचे ऋण शब्दांत मांडता येणार नाही. सर्व सहकाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. काही चुकले असल्यास क्षमस्व. नवी सुरुवात, नवी स्वप्ने!' वाचल्यावर तो माझा वाटत नाही. काय करू?»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मसुद्यात खोटे काहीच नाही, पण त्यातले प्रत्येक वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कंपनीतल्या, दुसऱ्या कुणाच्याही फोटोखाली जसेच्या तसे ठेवता येईल. तो तुमचा वाटत नाही तो याच कारणाने. उलट मसुद्याच्या आधी तुम्ही मला जे सहज लिहून गेलात, त्यातली पेन्सिलीची खूण दुसऱ्या कुणालाही लिहिता येणार नाही. निरोपाच्या मजकुरात जिव्हाळा अशाच तपशिलातून येतो. विशेषणे कितीही वाढवली तरी तो येत नाही. आणि संयम म्हणजे भावना कमी दाखवणे नव्हे, तर कोणता तपशील सर्वांसमोर मांडावा आणि कोणता ज्याचा त्यालाच सांगावा याची निवड करणे. तुमच्याकडे दोन तपशील आहेत, पेन्सिलीची खूण आणि आईच्या आजारपणातला तो महिना. माझ्या मते पहिला फोटोखाली जावा आणि दुसरा मुळीच जाऊ नये. याची कारणे पुढे सविस्तर लिहिते.

आधी हे ठरवू या की हा मजकूर कुणासाठी आहे. तो सर वाचतील, सहकारी वाचतील, तुमचे नातेवाईक आणि जुने वर्गमित्र वाचतील, आणि लिंक्डइनवर तुम्हाला न ओळखणारी अनेक माणसेही वाचतील. या सर्वांना एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवले की मजकूर परिपत्रकासारखा होतो. माझा सल्ला असा की तो मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी लिहावा, कारण सोमवारी सकाळी त्याच खुर्च्यांवर बसून, त्याच आकड्यांशी झगडताना तो आठवणारी माणसे तीच आहेत. त्यांच्या नजरेने वाचले की मसुद्यातली तीन वाक्ये आपोआप गळतात. 'नवी सुरुवात, नवी स्वप्ने' हे जाणाऱ्याला उत्साहाचे वाटते, पण राहणाऱ्याला त्यातून असे ऐकू येते की इथली स्वप्ने आता जुनी झाली. 'ही केवळ कंपनी नव्हती, कुटुंब होते' या वाक्यावर, बढती न मिळालेला किंवा सुट्टी नाकारली गेलेला सहकारी मनातल्या मनात काय म्हणेल हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय कुटुंबातून कुणी एक महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडत नाही. 'काही चुकले असल्यास क्षमस्व' ही आपल्याकडची निरोपाची जुनी रीत आहे आणि समोरासमोर हात जोडून म्हटले तर ते छानच वाटते, पण अनोळखी वाचक ते वाचून नेमके काय चुकले होते असा विचार करू लागतो. ज्याच्याशी खरोखर काही बिनसले असेल त्याच्या टेबलाजवळ जाऊन शुक्रवारपूर्वी दोन मिनिटे बोला. ते काम फोटोखालच्या ओळीने होत नाही.

आता सरांविषयी. वरिष्ठांचे आभार खुशामतीसारखे का वाटतात, याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. त्यात वरिष्ठ कोण आहेत हे सांगितलेले असते, त्यांनी काय केले हे सांगितलेले नसते. गुरू, मार्गदर्शक, प्रेरणास्थान या तीनही पदव्या आहेत, आणि पदवी देणारा घेणाऱ्यापुढे वाकलेलाच दिसतो. 'ऋण शब्दांत मांडता येणार नाही' हे वाक्य तर शब्द शोधण्याचे कामच टाळते. त्याऐवजी सरांची एक कृती लिहा आणि तिच्यामुळे तुमच्यात काय बदलले ते लिहा. त्यापलीकडे काही लिहू नका. कृतीला दाद दिली की ती खुशामत वाटत नाही, कारण ती कृती विभागातल्या इतरांनीही पाहिलेली असते आणि ते मनातल्या मनात साक्ष देतात. ज्याच्या ज्याच्या शीटवर ती पेन्सिलीची खूण कधी उमटली असेल, तो प्रत्येक जण तुमचे वाक्य वाचून सरांना ओळखेल.

मात्र हेच वाक्य चुकीच्या पद्धतीनेही लिहिता येते. समजा तुम्ही असे लिहिले: 'पहिली दोन वर्षे सर माझी प्रत्येक शीट परत पाठवत असत आणि चूक कुठे आहे हेही सांगत नसत, मला खूप त्रास व्हायचा, पण आज कळते की ते माझ्या भल्यासाठीच होते.' यात प्रामाणिकपणा आहे, तरी वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो त्रास. शेवटचे आभार नंतर जोडल्यासारखे वाटतात. या मांडणीत तुम्ही अडचणींवर मात करणारी नायिका होता आणि सर त्या अडचणीच्या जागी जातात. 'पहिली दोन वर्षे' हा हिशेब तुमच्या दोघांतला आहे. तो तिथेच राहू द्या, कारण सरांच्या हाताखाली नव्याने रुजू झालेला एखादा मुलगा हे वाचेल आणि आपल्या वाट्यालाही दोन वर्षे आहेत असे समजेल. याउलट 'सरांनी मला घडवले' एवढेच लिहिले तर ते सुरक्षित आहे, पण पुन्हा कुणाच्याही फोटोखाली चालेल असे आहे.

या दोन टोकांच्या मधले वाक्य मला असे सुचते: 'सर शीट तपासून परत द्यायचे, तेव्हा शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची एक खूण असायची, चूक मात्र आपली आपण शोधायची. तशी ती शोधण्याची सवय त्यांनी मला लावली आणि ती मी सोबत घेऊन जात आहे.' यात त्रासाचा उच्चारही नाही, पण ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना तो खुणेतच दिसेल. स्तुतीचे एकही विशेषण नाही, आणि तरीही सरांच्या शिकवण्याच्या पद्धतीचा यापेक्षा मोठा गौरव फोटोखाली करता येणार नाही. तुमच्या मूळ पत्रातला 'चूक कुठे आहे ते सांगायचे नाहीत' हा नकार इथे 'चूक मात्र आपली आपण शोधायची' असा झाला आहे. अर्थ तोच राहिला आणि तक्रारीचा सूर गेला. असे वाक्य लिहून झाले की एक कसोटी लावून पाहा: हे वाक्य सर त्यांच्या वरिष्ठांसमोर अवघडल्याशिवाय वाचू शकतील का, आणि त्यांच्या हाताखालच्या सर्वांत नव्या माणसासमोरही वाचू शकतील का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर वाक्य ठेवा. सरांना दोन वाक्ये पुरेशी आहेत. तिसरे वाक्य लिहिताच पहिल्या दोन वाक्यांवर तुमचा स्वतःचाच विश्वास नाही असे वाटू लागते.

ज्यांचे वरिष्ठांशी शेवटपर्यंत जमलेच नाही अशा वाचकांसाठी इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. त्यांनी खोटी स्तुती लिहू नये आणि टोमणाही मारू नये. जे खरोखर मिळाले तेवढेच एका वाक्यात लिहावे, उदाहरणार्थ 'सरांनी पहिल्याच वर्षी मोठ्या ग्राहकांचे काम माझ्यावर सोपवले'. आणि तेवढेही मिळाले नसेल तर संपूर्ण विभागाचे आभार मानून थांबावे. वरिष्ठांचा वेगळा उल्लेख नसणे हे सभ्यतेत बसते.

आता आईच्या आजारपणातल्या त्या महिन्याविषयी. तुमच्या मनात सर्वांत खोल जागा त्या महिन्याची असेल हे मी समजू शकते आणि म्हणूनच तो सर्वांना सांगावा असे तुम्हाला वाटते. पण सरांनी जे केले ते नियमात बसत नव्हते, असे तुम्हीच लिहिले आहे. ते फोटोखाली आले की कृतज्ञतेबरोबर एक पुरावाही जाहीर होतो. मनुष्यबळ विभागातले कुणी ते वाचेल आणि त्या महिन्याची नोंद कशी झाली होती असा प्रश्न विचारू शकेल. ज्या सहकाऱ्याने त्याच सुमारास अशीच विनंती केली आणि ज्याला नकार मिळाला, तोही ते वाचेल. ज्याने तुमच्यासाठी जोखीम पत्करली त्यालाच तुमच्या आभारांमुळे खुलासा द्यावा लागणे यासारखे वाईट दुसरे काही नाही. याशिवाय आईचे आजारपण हा तिचाही खाजगी विषय आहे. तो अनोळखी माणसांपुढे ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. नियमाबाहेरची सवलत, पगारवाढीसाठी टाकलेला शब्द, वर जाऊ न दिलेली एखादी चूक, अशा सर्व उपकारांना मी हाच नियम लावते: जे गुपचूप दिले गेले त्याचे आभारही गुपचूपच मानावेत.

त्यासाठी सरांना वेगळे पत्र लिहा. ते हाताने लिहून बंद पाकिटात द्यावे असे मला वाटते, कारण कार्यालयाच्या ईमेलमधला मजकूर कंपनीच्या ताब्यात राहतो आणि तुमचे खाते शुक्रवारी संध्याकाळी बंद होईल. पत्र लांब नको. 'सर, आई आजारी असताना तुम्ही मला जो महिना दिलात, त्यामुळे मी तिच्याजवळ राहू शकले. त्या वेळी तुम्ही मला एकही प्रश्न विचारला नाहीत, आणि मीही नीट आभार मानले नाहीत, म्हणून आज लिहीत आहे. आई आता बरी आहे आणि तुमची चौकशी करते.' शेवटचे वाक्य खरे असेल तरच ठेवा, आणि परिस्थिती वेगळी असेल तर ती आहे तशी सांगा. मला वाटते, फोटोखालच्या ओळी सर एकदा वाचतील आणि हे पत्र जपून ठेवतील. हे पत्र शुक्रवारी शेवटच्या घाईत, सगळ्यांसमोर त्यांच्या हातात देऊ नका. गुरुवारी दिले तर त्यांना तुमच्याशी त्याविषयी एखादा शब्द बोलायला अवधी मिळेल.

फोटोखालच्या मजकुराकडे परत येते. मराठीत लिहिताना एक अडचण हमखास येते, ती म्हणजे संबोधनाची. सरांना 'तुम्ही', शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला 'तू', वयाने मोठ्या सहकाऱ्यांना 'तुम्ही' आणि सर्वांना मिळून औपचारिक 'आपण', असे चार सूर एकाच परिच्छेदात आले की मजकूर डळमळतो आणि अनोळखी वाचकाला दुसऱ्यांचे बोलणे चोरून ऐकल्यासारखे वाटते. यातून सोपी वाट अशी की सर्वांविषयी तृतीयपुरुषात लिहावे. 'सर, तुम्ही शिकवलेत' याऐवजी 'सरांनी शिकवले' असे लिहिले की आदर 'सरांनी' या रूपात येतोच आणि जवळीक दाखवण्याचे ओझेही राहत नाही. फक्त शेवटच्या एका ओळीत थेट सहकाऱ्यांशी बोलावे. सगळा मजकूर तृतीयपुरुषात असल्यामुळे ती एक ओळ अधिक जवळची वाटते.

नावांचा प्रश्न बावीस जणांच्या विभागात खरोखरच नाजूक आहे. पाच नावे घेतली तर सतरा जण आपले नाव शोधतील, आणि बावीस नावे घेतली तर मजकूर हजेरीपट होईल. त्यामुळे नावांऐवजी काम लिहावे, असे मी सुचवते. विभागाने मिळून केलेले असे कोणते काम आहे ज्यात प्रत्येकाला आपला वाटा दिसेल? बिलिंग विभागाच्या बाबतीत त्याचे उत्तर मला बाहेरूनही दिसते, ते म्हणजे महिनाअखेर. न जुळणारा आकडा शोधत उशिरापर्यंत बसलेले लोक एकमेकांना विसरत नाहीत. 'महिनाअखेरीला न जुळणारा आकडा माझ्याबरोबर शोधत बसलेल्या सर्वांचे आभार' असे लिहिले की जो जो बसला होता तो स्वतःला त्यात मोजून घेईल आणि कुणीही वगळला गेला असे वाटणार नाही. ज्या दोघी-तिघींशी तुमची खास मैत्री आहे त्यांना वेगळे लिहा किंवा बोला. सगळ्यांच्या देखत त्यांना वेगळे काढले तर सोमवारी उगाच त्यांनाच उत्तरे द्यावी लागतील.

याच संदर्भात कार्यालयातले शिपाई, सफाई करणारे कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांच्या उल्लेखाविषयीही लिहायला हवे. हल्ली निरोपाच्या मजकुरात त्यांचे वेगळ्या परिच्छेदात, थोडे भावुक होऊन आभार मानले जातात. भावना चांगली असते, पण त्या मांडणीतून लिहिणाऱ्याचे मोठे मन दिसते आणि त्या माणसांचे काम मात्र दिसत नाही. उशिरापर्यंत थांबलेल्यांत सुरक्षारक्षकही होते, असे असेल तर त्यांना त्याच वाक्यात, इतरांच्याच रांगेत आणा: 'शोधत बसलेल्या आणि तोवर दार उघडे ठेवणाऱ्या सर्वांचे आभार.' आणि ते हा मजकूर वाचतीलच असे नाही, म्हणून त्यांना शुक्रवारी प्रत्यक्ष भेटून नावानिशी सांगा.

मजकुराच्या लांबीविषयी थोडक्यात. इन्स्टाग्रामवर फोटोखाली 2200 अक्षरे आणि लिंक्डइनच्या पोस्टमध्ये 3000 अक्षरे मावतात, पण दोन्हीकडे वाचकाला आधी फक्त सुरुवातीच्या काही ओळी दिसतात आणि उरलेले पाहायला बोटाने उघडावे लागते. तुमच्या मसुद्यात त्या जागी 'अविस्मरणीय प्रवास' आहे, म्हणजे पुढे काय असेल याचा अंदाज येऊन बरेच जण तिथेच थांबतील. त्या जागी दिवस, विभाग आणि सहकारी हे तिन्ही यायला हवेत. सर त्यांच्यानंतर, मधल्या परिच्छेदात असावेत. सुरुवातीला आले तर मजकूर त्यांच्यासाठीच लिहिला असे दिसते, आणि शेवटी आले तर समारोपाच्या भाषणासारखा सूर लागतो. एकंदर साठ ते ऐंशी शब्द पुरेत. हे सगळे एकत्र करून मी असा मजकूर तयार केला आहे:

«सहा वर्षांनंतर आज बिलिंग विभागातला माझा शेवटचा दिवस होता. महिनाअखेरीला न जुळणारा आकडा माझ्याबरोबर शोधत बसलेल्या आणि तोवर दार उघडे ठेवणाऱ्या सर्वांचे आभार.

सर शीट तपासून परत द्यायचे, तेव्हा शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीची एक खूण असायची. चूक मात्र आपली आपण शोधायची. तशी ती शोधण्याची सवय त्यांनी मला लावली आणि ती मी सोबत घेऊन जात आहे.

माझा नंबर तोच आहे. या महिन्याचे काम आटोपले की फोन करा.»

हा मजकूर दोन्हीकडे जसाच्या तसा चालेल. लिंक्डइनसाठी वेगळा, अधिक भारदस्त मजकूर करण्याचा मोह टाळा, कारण दोन्ही ठिकाणी असलेले सहकारी दोन्ही वाचतात आणि मग यातला खरा कोणता, असा प्रश्न पडतो. पहिल्या परिच्छेदातला तपशील मी अंदाजाने घातला आहे. तुमच्या विभागात महिनाअखेर तशी जात नसेल तर तो बदला आणि जे खरोखर घडत असे ते घाला. फक्त कंपनीबाहेरच्या माणसालाही समजेल असेच असू द्या. ग्राहकांची नावे, रकमा, आतल्या प्रणालींची नावे यांतले काही येऊ देऊ नका. बिलिंगमध्ये काम केलेल्या माणसाने 'अमुक कोटींची वसुली केली' असे अभिमानाने लिहिलेले अनेकदा दिसते, पण ती माहिती कंपनीची असते आणि रुजू होताना सही केलेला गोपनीयतेचा करार बहुतेक वेळा नोकरी सोडल्यावरही लागू राहतो.

फोटोचेही तसेच. टाकण्यापूर्वी तो बोटांनी मोठा करून कोपऱ्यांत काय आहे ते पाहा. मागच्या फळ्यावर लिहिलेली थकबाकीची यादी, उघड्या पडद्यावरची शीट, टेबलावरचे बिल, गळ्यातल्या ओळखपत्रावरचा क्रमांक आणि बारकोड, हे सगळे आजच्या कॅमेऱ्यात स्वच्छ वाचता येते. असा भाग धूसर करण्यापेक्षा कापून टाकणे चांगले, कारण हलके धूसर केलेले आकडे पुष्कळदा तरीही ओळखू येतात. फोटो बावीस जणांचा असेल तर टाकण्यापूर्वी एकदा विभागाच्या गटावर सर्वांना विचारा. कुणाला आपला चेहरा सार्वजनिक नको असू शकतो. सरांना टॅग करायचे असेल तर तेही आधी विचारून घ्या, कारण टॅग केल्यावर तो मजकूर त्यांच्या ओळखीच्या लोकांपर्यंतही पोहोचू शकतो. त्यांनी नको म्हटले तर 'सर' एवढाच उल्लेख ठेवा. ज्यांना कळायचे त्यांना कळते.

टाकण्याची वेळ शुक्रवारी रात्रीची किंवा शनिवारी सकाळची ठेवा. त्याआधी कामाची सुपूर्तता झालेली असावी, ओळखपत्र आणि लॅपटॉप जमा झालेला असावा, आणि तुम्ही जात असल्याचा अधिकृत ईमेल विभागाबाहेरही गेलेला असावा. एखाद्या ग्राहकाला ही बातमी तुमच्या फोटोवरून पहिल्यांदा कळू नये. नव्या कंपनीचे नाव या मजकुरात घालू नका. ते आले की प्रतिक्रियांमध्ये सगळी अभिनंदने तिकडची होतात आणि आभार बाजूला पडतात. नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर त्याची वेगळी बातमी द्या. तोवर लिंक्डइनवरचे पद बदलायचे झाले तर संपर्कातल्या लोकांना सूचना पाठवण्याचा पर्याय बंद ठेवून बदला.

प्रतिक्रिया येऊ लागल्या की 'आता कुठे?' असे विचारणाऱ्यांना खाजगीत उत्तर द्या. कुणी तिथेच कंपनीविषयी किंवा सरांविषयी तिरकस लिहिले, आणि बावीस जणांत एखादा तरी लिहितोच, तर त्यावर पसंतीची खूणही करू नका आणि वादही घालू नका. ती प्रतिक्रिया काढून टाका आणि त्या माणसाला फोन करून का काढली ते सांगा. सरांनी प्रतिसाद दिला तर 'धन्यवाद, सर' एवढेच लिहा. त्यांनी काहीच लिहिले नाही तरी मनाला लावून घेऊ नका. शीटवर नुसती खूण करून परत देणारा माणूस सर्वांदेखत फारसे लिहील असे मला वाटत नाही, आणि तुमचे पत्र तर गुरुवारीच त्यांच्या हाती गेलेले असेल.